अनुभव धागा: केळं-ओट्स-पीनट बटरची स्मूदी, ५०० मिलीच्या खुणेपर्यंत. मॅक्रोची बेरीज तुम्ही कशी धरता?

पहाटपाखरू
माझी सकाळची स्मूदी ठरलेली आहे. एक केळं, ४० ग्रॅम ओट्स, दोन चमचे पीनट बटर, सगळं थोड्या दुधात फिरवायचं आणि मग भांड्यावरच्या ५०० मिलीच्या खुणेपर्यंत दूध ओतायचं. वहीत रोज एकच आकडा: ७५० कॅलरी, ३० ग्रॅम प्रोटीन. वजन वाढवायचं आहे, पण दोन महिने काटा हलला नाही. तेव्हा लक्षात आलं की ५०० मिली स्मूदी म्हणजे ५०० मिली दूध असं मी धरून चालले होते. बाकीचे जिन्नस जणू जागाच घेत नाहीत!

मग भांडं वजनकाट्यावर ठेवून दूध मोजलं. पहिल्या दिवशी ३४० ग्रॅम लागलं. दुसऱ्या दिवशी केळं तेवढंच, ओट्स तेवढेच, खूण तीच, आणि दूध फक्त २८० ग्रॅम. हे कसं? तुम्ही बेरीज कशी धरता, कुठे चुकलात, ते सविस्तर लिहा.

मापटं
मी बरीच वर्षं पाककृतींचं पोषणमूल्य काढण्याचं काम करतो. तुमचे दोन्ही आकडे खरे असणार. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ फिरवलंत का? केळं आणि ओट्समुळे मिश्रण दाट होतं आणि दाट मिश्रणात हवा अडकून राहते. त्या फेसानेच भांडं खुणेपर्यंत भरतं, म्हणून दूध कमी मावतं. खात्री करायची तर भांडं दहा मिनिटं तसंच ठेवा. पातळी खाली उतरली, तर तेवढी हवाच होती.

तुमच्या पहिल्या दिवसाची बेरीज मांडतो. सोललेलं केळं ११० ग्रॅम धरलं तर साधारण ९८ कॅलरी. ४० ग्रॅम कोरडे ओट्स १५२. पीनट बटर ३२ ग्रॅम, १९०. साय न काढलेलं दूध ३४० ग्रॅम, २०७. एकूण ६४७ च्या आसपास. प्रोटीन २४, कार्ब्स ७५, फॅट ३० ग्रॅम. दूध सोडून बाकीचे तिन्ही जिन्नस मिळून १७० मिलीच्या आसपास जागा घेतात, तेवढंच दूध तुम्ही जास्तीचं लिहीत होतात.

माझी पद्धत अशी: दूध आधी वजनाने घ्यायचं, ठरवून ३४० ग्रॅम. सगळं फिरवायचं, फेस बसू द्यायचा आणि खुणेला कमी पडलं तर पाणी घालायचं. पाण्याने बेरीज बदलत नाही. फेसामुळे खुणेच्या वर गेलं तरी काही बिघडत नाही. खूण फक्त ग्लासात किती मावेल ते सांगते.

चालत_राहा
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. पिकलेल्या केळ्यात कॅलरी जास्त असतात. डाग पडलेलं केळं घेतलं की मी ३० कॅलरी जास्त लिहितो. केळ्याचं वजन मात्र न चुकता करतो. माझं केळं साधारण १६५ ग्रॅमचं असतं.

मापटं
गोडी वाढते हे तुमचं बरोबर आहे, स्टार्चची साखर होते. पण एकूण कार्ब्स जवळपास तेवढेच राहतात, म्हणून ते ३० काढून टाका. आणि १६५ ग्रॅम सालीसकट का? साल साधारण एक तृतीयांश असते. आतलं केळं ११० च भरेल. सालीसकट वजन धरलं तर रोज पन्नासेक कॅलरी फुकटच्या लिहिल्या जातात.

चालत_राहा
सालीसकटच करत होतो. उद्यापासून सोलून करतो. पिकलेल्याचं अजून पटलेलं नाही, चवीत एवढा फरक पडतो!

रविवारची_सुट्टी
दुधाचा फरक ६० ग्रॅमचा, म्हणजे ३५-४० कॅलरींचा. माझ्याकडे खरा घोळ चमच्याचा निघाला. पीनट बटर चमच्याला चिकटून वर डोंगरासारखं उभं राहतं आणि खालच्या बाजूलाही लगडतं. मी त्याला 'एक चमचा' म्हणायचे. एकदा मोजलं: दोन चमचे ३२ ग्रॅम व्हायला हवे होते, भरले ४८. एवढ्यावरच ९५ कॅलरी वाढल्या आणि त्यातल्या बहुतेक फॅटच्या.

आता बरणीच काट्यावर ठेवते, शून्य करते आणि चमच्याने काढत जाते. काटा उणे ३२ दाखवला की थांबायचं. चमच्याला उरलेलं बोटाने पुसून भांड्यात जातं. वरचं तेल आधी नीट ढवळून घ्यायचं, नाहीतर सुरुवातीची बरणी तेलकट आणि तळाची कोरडी मिळते. मग लेबलवरचे आकडे दोन्हीला लागू पडत नाहीत.

सांजसावली
वजन कमी करायला ही स्मूदी चालेल का? ५०० मिली मला खूप होतं.

रविवारची_सुट्टी
ताई, इथे चर्चा बेरजेची चालली आहे, चालेल की नाही ते तुमच्या दिवसभराच्या खाण्यावर ठरेल. पण ५०० जास्त होत असेल तर सगळेच जिन्नस त्याच प्रमाणात कमी करा. नुसतं दूध कमी केलंत तर स्मूदी घट्ट होईल आणि कॅलरी फारशा उतरणार नाहीत.

दोन_ग्लास
माझ्या वडिलांना आजारपणानंतर एका वेळी एवढं जात नव्हतं, म्हणून अर्धी सकाळी, अर्धी दुपारी. मी ग्लासाच्या उंचीने वाटत होतो. सकाळचा ग्लास वरचा, फेसाळ आणि हलका. दुपारपर्यंत ओट्स तळाशी बसलेले असायचे, तो ग्लास इतका दाट की चमच्याने खावा लागे. दोन्ही ग्लास सारखे भरलेले, पण वजन केलं तर एक २१५ ग्रॅम आणि दुसरा ३०५. आता आधी ढवळतो, मग काट्यावर ठेवून निम्मं वजन ओततो. दुपारी पिण्याआधी पुन्हा ढवळावं लागतंच.

नोंदवही
माझी चूक ॲपमधली. यादीत 'ओट्स' शोधून पहिलंच नाव निवडलं, ते शिजवलेल्या ओट्सचं होतं. त्यात पाणी धरलेलं असतं, त्यामुळे ४० ग्रॅमला जेमतेम २८ कॅलरी दिसल्या. कित्येक आठवडे ते कळलं नाही. नंतर ओट्सचे कार्ब्स केळ्यापेक्षा इतके कमी कसे, हे खटकलं तेव्हा सापडलं.

दुसरं, मापटं यांचा हिशोब मी ४-४-९ ने, म्हणजे प्रोटीन आणि कार्ब्सला ग्रॅममागे ४ आणि फॅटला ९ कॅलरी धरून, करून पाहिला. २४, ७५ आणि ३० वरून ६६६ येतात, ६४७ नाही. चूक कुठे?

मापटं
चूक नाही. यात ९ ग्रॅमच्या आसपास फायबर आहे. ते कार्ब्समध्ये मोजलं जातं, पण पूर्ण ४ कॅलरी देत नाही. शिवाय तक्त्यांमध्ये दर पदार्थाचे गुणक थोडे वेगळे असतात. एकच पद्धत धरा आणि तीच चालू ठेवा.

पहाटपाखरू
सगळं वाचून आज पुन्हा केलं. दूध ३४० ग्रॅम आधी, बरणी काट्यावर, केळं सोलून. पहिल्याच दिवशी कळलं की माझेही दोन चमचे ४१ ग्रॅमचे होते, म्हणजे ६४७ सुद्धा माझा आकडा नव्हताच, सातशेच्या आसपास जात होता. आता ३२ वर आणायचं की ४१ च ठेवायचं, ते ठरवते. मला वाढवायचंच आहे.

एक राहिलंच. ओतून झाल्यावर भांडं काट्यावर ठेवलं तर २६ ग्रॅम आतच चिकटलेलं. एकूण वजनाच्या पाच टक्के म्हणून ३० कॅलरी वजा करायच्या का?

रविवारची_सुट्टी
मी दोन घोट पाणी घालून फिरवते आणि पिते.

नोंदवही
पण पात्याखाली अडकतं ते पीनट बटरच जास्त असतं. मग पाच टक्के वजनाला पाच टक्के कॅलरी कशा? मला वाटतं जास्त जातात.

मापटं
शक्य आहे. तो उरलेला भाग वेगळा मोजून मी कधी पाहिला नाही. कुणी पाहिला असेल तर लिहा.