मदत हवी आहे : टी-शर्ट आखूड होतात, शिवण पोटावर येते, मग महागाचा परवडतो का?

मृण्मयी_ठाणे
मुलासाठी २४९ रुपयांना घेतलेले सुती टी-शर्ट थोड्याच धुण्यांत लांबीला आखूड आणि अंगात सैल झाले असून, काखेतून सरळ खाली जायला हवी ती शिवण आता पोटावर येते. पाणी गारच वापरते. हे कशामुळे होते, आणि ६९९ रुपयांचा टी-शर्ट दर वापरामागे स्वस्त पडेल का, हे कसे काढावे?

अनिकेत७७
सुती कापड आटणारच. नवा कपडा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवावा, म्हणजे आटत नाही.

सुईदोरा
आटते हे खरे, पण मिठाचा त्याच्याशी संबंध नाही. मी बरीच वर्षे होजिअरीच्या कापडाची तपासणी केली आहे. टी-शर्टचे कापड सुताचे फासे एकमेकांत गुंफून विणलेले असते. रंगाईनंतर ते ओले असताना लांबीत ओढले जाते आणि तसेच वाळवले जाते. कापड किलोवर विकले जात असल्यामुळे ताणून पातळ केले की एका किलोत जास्त नग निघतात. मग घरी पाणी लागताच फासे मूळ आकारावर येतात, म्हणून लांबी घटते आणि रुंदी वाढते. चांगल्या कारखान्यात कापण्याआधीच कापड यंत्रावर दाबून आखडून घेतात. स्वस्त मालात ही पायरी घाईत उरकतात किंवा गाळतात. शिवण फिरते ती सुताच्या पिळामुळे: जास्त पिळाचे एकेरी सूत भिजले की उलगडू पाहते आणि फासे तिरके होतात. इस्त्रीने ते तात्पुरते सरळ दिसते, पुढच्या धुण्यात पुन्हा फिरते.

धुण्याआधी खांद्यापासून खालपर्यंत लांबी मोजून ठेवा. ७० सेंमीचे तीन धुण्यांनंतर ६५ झाले, तर घट सुमारे ७ टक्के, म्हणजे जास्तच. वाळवताना दोरीवर लोंबकळत ठेवू नका, आडवे पसरा.

रेवा_क
माझी रेयॉनची कुर्तीसुद्धा एका धुण्यात गुडघ्यावर आली! दुकानदार बदलून देईल का?

सुईदोरा
रेयॉन हे वेगळेच प्रकरण आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढा.

मृण्मयीताई, किंमत भागिले बाहेर घालण्याजोगा राहिला तेवढे वापर, असा हिशेब करा. धुण्याचा खर्च दोन्हींना सारखाच, म्हणून तुलनेपुरता सोडून देऊ. २४९ चा टी-शर्ट २० वेळा चालला तर वापरामागे साधारण १२ रुपये ४५ पैसे पडतात. तेवढ्यातच बसायला ६९९ चा किमान ५७ वेळा घालायला हवा. आठवड्यातून एकदा घातला तर वर्ष उलटून जाते, आणि वाढत्या वयाच्या मुलाला तो तोवर तोकडा होईल. त्यामुळे मुलासाठी स्वस्त घेणे चुकीचे नाही, तुमच्यासाठी मात्र महागाचा विचार करता येईल. अर्थात जास्त किंमत म्हणजे चांगले कापड, असेही नाही. दुकानातच टी-शर्ट खांद्याला धरून शिवण सरळ उतरते का, ते पाहावे.

अनिकेत७७
आणि नंतर रात्री घरात घालतो ते वापर मोजायचे नाहीत का? आमच्याकडे निम्मे आयुष्य तिथेच जाते.

मृण्मयी_ठाणे
तेच विचारणार होते. ते धरले तर २४९ चा आकडा बराच खाली येतो.