÷१० रेंजवर स्क्वेअर वेव्हचा कोपरा गोलच राहतो, ट्रिमर पूर्ण फिरवूनही (मदत हवी आहे)

सोल्डरचा_धूर

घरी एक छोटा स्कोप बनवतोय, त्याच्या इनपुटच्या भागात अडलो आहे. दहाने भागणाऱ्या रेंजसाठी वर ८२०के आणि ८२के सिरीजमध्ये, खाली १००के, सगळे १ टक्क्याचे. मधला बिंदू थेट टीएल०७२ च्या बफरला. खालच्या १००केला समांतर २२० पीएफ, वरच्या जोडीला समांतर ट्रिमर, ३ ते १० पीएफचा. लॅमिंग्टन रोडला त्या दिवशी एवढाच मिळाला.

मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून १ किलोहर्ट्झची ० ते ५ व्होल्ट स्क्वेअर वेव्ह देतो आणि मित्राच्या स्कोपने बफरच्या आउटपुटला बघतो. ०.५ व्होल्टची स्वच्छ चौकट यायला हवी. येते काय, तर ०.२ पर्यंत एकदम उडी आणि तिथून पुढे हळूहळू चढत ०.५. ट्रिमर फिरवला की उडी लहान-मोठी होते, पण सगळ्यात जास्त टोकालाही गोलाई जात नाही. ट्रिमर खराब असेल का?

मंग्या_नाशिक

अहो सोपं आहे. प्रोबच्या मुठीवर किंवा कनेक्टरजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवा. माझ्या नव्या प्रोबला अगदी असंच दिसत होतं.

सोल्डरचा_धूर

धन्यवाद, पण प्रोब बफरच्या पुढे आहे. त्याच प्रोबने मित्राच्या स्कोपचा स्वतःचा टेस्ट सिग्नल सपाट दिसतो. पिनवर थेट लावला तरी वेव्ह चौकोनीच आहे.

ओहमकार

कोपरा गोल म्हणजे वरचा कपॅसिटर कमी पडतोय, एवढं नक्की. खालचा २२० काढूनच टाका, बफरची स्वतःची थोडी कपॅसिटी असतेच, काम होईल. आणि १ किलोहर्ट्झवर काय कळणार? १०० किलोहर्ट्झ लावा, कोपरे नीट दिसतील.

सोल्डरचा_धूर

१०० किलोहर्ट्झ लावून बघितलं. आता तर जवळजवळ चौकोनी दिसतेय! माथा किंचित तिरका आहे, बस. फक्त उंची जेमतेम ०.२३ व्होल्ट. मग दोष नेमका कशात?

जुना_बेंच

दोष आहे तिथेच आहे, १०० किलोहर्ट्झने तो लपवला. तिथे अर्धी सायकल ५ मायक्रोसेकंदांची. तुमची गोलाई त्याहून बरीच सावकाश चढणारी दिसते, म्हणून तिला वर यायला वेळच मिळत नाही आणि उरते ती नुसती कपॅसिटरांनी दिलेली उडी. चौकोन दिसतो, पण चुकीच्या उंचीचा. असं बघून ट्रिमर लावला तर स्कोप डीसी बरोबर दाखवेल आणि वेगवान सिग्नल निम्मा. हे काम १ किलोहर्ट्झच्या आसपासच करायचं.

ओहमकार यांचं निदान बरोबर आहे, उपाय मला पटत नाही. २२० काढला की खाली फक्त बफर आणि वायरिंगची मिळून पंधराएक पीएफ उरेल. त्याला वर दीड-पावणेदोन पीएफ लागेल, आणि तुमचा ट्रिमर ३ च्या खाली जातच नाही. गोलाईऐवजी कोपरा वर उसळेल.

ट्रिमरला दोष देण्याआधी एक माप द्या. ट्रिमर जास्तीत जास्तवर ठेवा, १ किलोहर्ट्झ लावा, आणि उडीनंतर ०.३९ व्होल्टला पोचायला किती वेळ लागतो ते सांगा.

सोल्डरचा_धूर

साधारण २२ मायक्रोसेकंद. ०.३९ च का पण?

जुना_बेंच

उडीनंतर ०.३ व्होल्ट चढायचे बाकी आहेत. त्यातला ६३ टक्के भाग चढायला लागतो तो वेळ म्हणजे या सर्किटचा टाइम कॉन्स्टंट, आणि ०.२ अधिक ०.१९ म्हणजे ०.३९. आता पडद्यावरच्या दोन आकड्यांतून दोन्ही कपॅसिटर निघतात. वरचा C1, खालचा C2, आणि C2 मध्ये बफर, वायर सगळं आलं:

```
C1/(C1+C2) = 0.2 V / 5 V = 0.04
C1+C2 = 22 us / (902k || 100k) = 22 us / 90k = 244 pF
C1 = 10 pF, C2 = 234 pF
```

म्हणजे ट्रिमर ठणठणीत आहे, पुरे १० पीएफ देतोय. सपाट माथ्यासाठी वरचा आणि खालचा आर-सी गुणाकार सारखा हवा. रेझिस्टरांचं प्रमाण ९.०२, म्हणून २३४ भागिले ९.०२, वर सुमारे २६ पीएफ हवा. ट्रिमरला समांतर १८ पीएफचा एनपीओ सिरॅमिक लावा, ट्रिमर ८ च्या आसपास बसेल. एनपीओच हवा. साध्या पिवळ्या सिरॅमिकची किंमत तापमानाबरोबर सरकते आणि उन्हाळ्यात पुन्हा स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो.

स्क्रूड्रायव्हरवरून आठवलं. ट्रिमरची फिरणारी बाजू इनपुटकडे जोडा, मधल्या बिंदूकडे नको. नाहीतर धातूचं टोक लागलं की हाताची कपॅसिटी थेट त्या बिंदूवर येते; टोक लावलेलं असताना सपाट आणि काढलं की बिघडलेलं, असा खेळ चालतो. प्लास्टिकचं टोक असेल तर उत्तम.

वीजवेडी

थोडं अवांतर. मी एसएमपीएस तपासायला १ मेगचे दहा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि खाली १०के असा हजारने भागणारा डिव्हायडर केलाय. कपॅसिटर एकही लावला नाही, तरी प्रत्येक कोपऱ्यावर शिंग येतं. उलट गोल यायला हवं ना?

जुना_बेंच

ताई, लावला नसला तरी आहे. खाली मीटरभर केबलचे समजा १०० पीएफ असतील, तर वर अवघा ०.१ पीएफ पुरतो. इनपुटची वायर मधल्या बिंदूच्या जवळून गेली तरी त्याहून जास्त होतो, म्हणून शिंग. खाली एकूण १००० पीएफ करा आणि वरच्या प्रत्येक रेझिस्टरला १० पीएफ लावा, दहा सिरीजमध्ये मिळून १ पीएफ. मग भटक्या कपॅसिटीचं वजन कमी होतं. कपॅसिटरांचं व्होल्टेज रेटिंग मात्र बघून घ्या, आणि मेनच्या बाजूला आयसोलेशनशिवाय स्कोपचा ग्राउंड लावू नका.

सोल्डरचा_धूर

१८ पीएफ लावला. आता ट्रिमर एका बाजूला फिरवला की गोल, दुसऱ्या बाजूला शिंग, आणि मध्ये सपाट! १०० किलोहर्ट्झलाही उंची ०.५ च येते. मात्र अगदी सुरुवातीला, एक-दोन टक्क्यांचा छोटा बाक राहतोच. तो घालवायला ट्रिमर हलवला तर पुढचा माथा बिघडतो.

ओहमकार

बफरच्या इनपुटला बचावाचे डायोड लावलेत का? त्यांची कपॅसिटी व्होल्टेजप्रमाणे बदलते. तेच असणार.

जुना_बेंच

असू शकेल, पण मला संशय बोर्डाचा आहे. ग्लास इपॉक्सी किंवा साधा जनरल पर्पज बोर्ड उंच इंपिडन्सच्या बिंदूखाली आला की त्याची कपॅसिटी सगळ्या वेगांना सारखी राहत नाही, आणि एका ट्रिमरने एकच टाइम कॉन्स्टंट जुळतो. त्यावर सोल्डरचा फ्लक्सही असेल. ५ व्होल्टऐवजी १ व्होल्टची वेव्ह देऊन बघा. बाकाची टक्केवारी बदलली तर डायोड, तीच राहिली तर बोर्ड.

सोल्डरचा_धूर

दोन रेझिस्टर लावून १ व्होल्ट केला. टक्केवारी तशीच वाटते, पण एवढ्या लहान सिग्नलला नॉइज इतका की छातीठोकपणे सांगता येत नाही. डायोड आहेत, १एन४१४८. रविवारी फ्लक्स आयपीएने धुतो आणि मधला बिंदू बोर्डावरून उचलून हवेत जोडतो. मग कळवतो.

ओहमकार

आधी डायोड काढून बघा, मी अजून त्यावरच ठाम आहे.