व्यक्तिनिरपेक्षता वैशिष्ट्य की दोष? सेटच्या एका सरावप्रश्नावरून वाद

सेटवाली_नौपाडा: अभ्यासिकेत आज यावरून चांगलीच जुंपली. प्रश्न असा: वेबरच्या नोकरशाहीच्या प्रारूपाचे वैशिष्ट्य कोणते नाही? (अ) पदसोपान (ब) लेखी नियम (क) व्यक्तिनिरपेक्षता (ड) उद्दिष्टांचे विस्थापन. उत्तरतालिका 'ड' म्हणते. माझ्या मते 'क'सुद्धा बरोबर धरायला हवा. समोरच्याला माणूस न मानणं हे वैशिष्ट्य कसलं? तो तर दोषच.

घणसोलीकर: शंभर टक्के. माझंच ऐका. वडील गेल्यावर पाण्याच्या जोडणीवर नाव बदलायचं होतं. सोसायटीचा भागदाखला कर्जापोटी बँकेत ठेवलेला, म्हणून साक्षांकित प्रत जोडली. खिडकीवरचा लिपिक म्हणतो, मूळच पाहिजे, नियमात बसत नाही. वरच्या साहेबांकडे गेलो, तर 'लिपिकाचा शेरा आणा.' पदसोपान आहे, नियम आहेत, माणुसकी मात्र नाही. वेबरला एकदा आमच्या वॉर्डात आणा कुणीतरी.

फेयोलपंथी: सगळेच चुकताय, उत्तर 'अ' आहे. पदसोपान फेयोलचा. १९१६ च्या त्याच्या चौदा तत्त्वांत आहे. वेबरचा भर कायदेशीर अधिकारावर.

पेन्शनर_कोपरी: तीस-पस्तीस वर्षं टिपण्या लिहून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी फेयोलपंथी. पदसोपान दोघांकडे आहे, पण काम वेगळं. फेयोलला हुकूम आणि माहिती वरून खाली नीट जायला साखळी हवी. घाई असेल तर समपातळीवरच्या दोघांनी वरिष्ठांच्या संमतीने थेट बोलावं अशी सोयही त्याने ठेवली. वेबरच्या पदसोपानात वरच्याची देखरेख आहेच, शिवाय खालच्याच्या निर्णयाविरुद्ध वर दाद मागण्याची वाट आहे. आपल्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात पहिलं आणि दुसरं अपील त्याच यंत्रणेत वरच्या अधिकाऱ्याकडे जातं, तिसरं आयोगाकडे. हे वेबरच्या अर्थाचं पदसोपान. 'अ' बाद.

आता व्यक्तिनिरपेक्षता. तिच्या उलट काय, ते बघा. तुम्हाला वाटतं, माया. वेबरच्या डोळ्यासमोर होता तो जुना राजदरबारी कारभार: पद म्हणजे धन्याची मर्जी, अधिकारी फी आणि नजराण्यावर जगणारा, कधी पदच विकत घेतलेलं. त्याच्यासमोर त्याने राग-लोभ बाजूला ठेवून काम करणारा, ठरलेल्या पगारावरचा, पात्रतेवर नेमलेला माणूस उभा केला. खिडकीवर आपली ओळख असेल तर व्यक्तिनिरपेक्षता टोचते. नसेल तर तिच्याशिवाय तुम्हाला वाली कोण?

आणि घणसोलीकर, तो नियम तुम्हाला कुणी दाखवला का? कागदपत्रांची यादी दर्शनी भागात लावलेली असते. बघून सांगा.

वाशी_सेक्टर९: म्हणजे खासगी कंपनीत नोकरशाही नसते, हे बरोबर ना? तसं असेल तर हा प्रश्नच फक्त सरकारबद्दल आहे.

पेन्शनर_कोपरी: नाही हो. मोठ्या भांडवली उद्योगांनाही वेबर त्यातच धरतो. तुमच्या कंपनीत रजेला कुणाची सही लागते, ते आठवा.

घणसोलीकर: बघून आलो. यादीत 'मूळ किंवा साक्षांकित प्रत' असंच छापलंय. लिपिकाला दाखवलं, तर म्हणाला, मागच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, तेव्हापासून मूळच घेतो. अर्ज घेतला शेवटी. तरी माझं मत बदलत नाही; सामान्य माणसाने भिंती वाचत फिरायचं का?

पेन्शनर_कोपरी: फिरू नये, कबूल. पण तुम्ही जे लेखी नियमांच्या नावावर घातलं, ते तोंडी वहिवाटीचं निघालं. शेऱ्याशिवाय न ऐकणारा साहेबही तसाच. त्याने लिपिकाचा निर्णय तपासायला हवा होता, तर त्याने तो नुसता मागितला. लाल फितीची तक्रार आली की मी आधी एवढंच विचारतो, कागद दाखवा. कागद असेल तर दोष नियमात शोधायचा. नसेल तर वेबरने सांगितलेलं तिथे पोचलेलंच नाही.

सेटवाली_नौपाडा: थांबा काका, ही पळवाट झाली. चांगलं ते वेबरचं, वाईट ते 'खरी नोकरशाहीच नाही'. असं म्हटलं तर त्याचं प्रारूप कधी चुकणारच नाही.

पेन्शनर_कोपरी: हा मुद्दा बिनतोड. म्हणून उलट बाजूचं उदाहरण देतो, ज्यात नियम लेखी होता, पाळलाही गेला, आणि त्यातूनच काम बिघडलं.

बदल्या आणि विलंब यांबाबतचा आपला २००५ चा कायदा आहे. त्यात कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं आहे. हेतू सरळ, लोकांची कामं लवकर व्हावीत. पण दिवस मोजायचे टेबलागणिक. मग काय व्हायचं? नस्ती गुंतागुंतीची असली की सहाव्या दिवशी 'तपासून फेरसादर करावे' असा शेरा मारून खाली पाठवायची. खालचा एखादा कागद कमी दाखवून सहाव्या दिवशी पुन्हा वर पाठवणार. नोंदवहीत प्रत्येकाचे दिवस सातच्या आत, मासिक गोषवारा स्वच्छ, आणि अर्जदार तिसऱ्या महिन्यातही बाकावर. इथे सात दिवसांचा नियम कुणी मोडलेला नाही. नियम ज्यासाठी होता ते बाजूला पडलं आणि नियम पाळणं हेच काम होऊन बसलं.

हेच उद्दिष्टांचं विस्थापन, आणि ते मर्टनने १९४० मध्ये मांडलं. त्याच्या मते यंत्रणेला खात्रीशीर वागणूक हवी, म्हणून ती नियमनिष्ठा मुरवते. मुरलेली निष्ठा हळूहळू नियमालाच देव करते. मग वेगळी केस आली की माणूस अडतो. जे गुण शंभर अर्जांत वेग देतात, तेच एकशेएकाव्यात काम अडवतात. म्हणजे दोष बाहेरून शिरलेला नाही, वैशिष्ट्यांच्याच पोटी जन्मलेला. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण प्रश्न प्रारूपात काय मांडलंय ते विचारतो. नियम मांडलेत, विस्थापन हा त्यांचा परिणाम. उत्तर 'ड'च.

फेयोलपंथी: अपिलाचं मान्य. पण मग असल्या प्रश्नात पर्याय गाळायचे कसे? परिणामही वैशिष्ट्यांसारखेच वाटतात.

पेन्शनर_कोपरी: 'कार्यालय उभं करताना हे कुणी हेतूने घालेल का?' असं विचारा. पदसोपान, लेखी नोंदी, पात्रतेवर नेमणूक, ठरलेला पगार, हे घालतील. ताठरपणा, विस्थापन कुणी घालणार नाही. मात्र 'अधिकाऱ्यांची निवडणूक' हा पर्याय आला तर ही कसोटी फसते, कारण ती कुणीही हेतूने घालू शकतो. वेबरच्या शुद्ध प्रकारात अधिकारी नेमलेला असतो, निवडून आलेला नाही. मतदारांच्या जोरावर आलेला वरिष्ठाला तेवढा बांधील राहत नाही. तो पर्याय हमखास चकवतो.

सेटवाली_नौपाडा: 'ड' लिहीन. पण पात्रतेचा विषय निघालाच आहे तर, एकाच प्रारूपात पदाचा अधिकार आणि ज्ञानाचा अधिकार दोन्ही कसे बसतात? नाल्याचा उतार कनिष्ठ अभियंत्याला कळतो, सही मात्र परवा बदलून आलेल्या साहेबाची. वेबरच्या ग्रंथाच्या १९४७ च्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत पार्सन्सनेही यावरच बोट ठेवलंय.

पेन्शनर_कोपरी: वेबर म्हणेल, साहेबाचंही ज्ञान आहे, नियमांचं आणि नस्तीचं.

सेटवाली_नौपाडा: नस्ती वाचून नाल्याचा उतार कळत नाही, काका.

घणसोलीकर: आमच्या सोसायटीमागचा नाला बघायला या. उतार उलटा आहे, सह्या सगळ्या आहेत.

पेन्शनर_कोपरी: मान्य नाही, पण आत्ता माझ्याकडे उत्तरही नाही. ज्या साहेबांनी अभियंत्याची टिपणी वाचून सही केली ते मी पाहिलेत, न वाचता करणारेही. दोघांचा अधिकार कागदावर सारखाच होता.