मदत हवी आहे: या मिक्सरच्या ४.४ स्टारवर भरवसा ठेवावा का?

आईसाठी ७५० वॅटचा मिक्सर बघतेय. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण रेटिंग ४.४ आणि किंमत नेहमीच्या ब्रँडच्या निम्मी. म्हणून काल रिव्ह्यू ‘नवीन आधी’ लावून वाचले. पंचतारांकित रिव्ह्यूंपैकी बरेचसे एकाच आठवड्यातले, सगळे ‘नाइस प्रॉडक्ट’ छापाचे. जार किती लिटरचा, आवाज किती, कुणी बोलत नाही. दोन-तीन जुन्या रिव्ह्यूंमध्ये तर चक्क मोबाइलच्या कव्हरचं कौतुक! म्हणजे जुन्या वस्तूच्या पानावर मिक्सर चढवून तिचे स्टार ढापले असावेत ना?

एक-स्टारवाल्या एकाने खोक्यात आलेल्या कार्डाचा फोटो टाकलाय: पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, १०० रुपये मिळवा. १०० रुपयांसाठी पाच स्टार देणारे लोकही खरंच मिक्सर विकत घेतात, त्यामुळे ‘व्हेरिफाइड’ शिक्क्यावरही माझा विश्वास उरलेला नाही. दोन-तीन स्टारवाले मात्र खरे वाटतात. चौघांनी लिहिलंय की इडलीचं पीठ वाटताना कपलर झिजतो.

कुणी असा अनोळखी मिक्सर वर्षभर वापरलाय का? आणि रिव्ह्यू सोडून तुम्ही आणखी काय तपासता?