दहा मिनिटांच्या भाषणात ऑड्स रेशो कसा सांगायचा? संहितेसाठी मदत हवी आहे

तिसरा_बाक

पुढच्या महिन्यात एका परिषदेत माझा अभ्यास मांडायचा आहे. बोलायला दहा मिनिटं आहेत, प्रश्नांचा वेळ वेगळा. समोर शिक्षणशास्त्र, इतिहास, भाषा अशा सगळ्या विषयांचे लोक असतील आणि दोन-तीन संख्याशास्त्राचेही.

अभ्यास थोडक्यात असा: ४० वर्ग, प्रत्येकात ३० विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकून २० वर्ग निवडले. तिथे तासाची शेवटची पाच मिनिटं पुस्तक मिटून, आठवेल ते लिहायचं. उरलेल्या २० वर्गांत तेवढाच वेळ तोच धडा पुन्हा वाचायचा. सत्राच्या शेवटी सगळ्यांची एकच चाचणी घेतली. पुन्हा वाचणाऱ्या ६०० पैकी ३०० उत्तीर्ण झाले, आठवून लिहिणाऱ्या ६०० पैकी ३६०.

संहितेतलं मुख्य वाक्य सध्या असं आहे: "वर्ग हा रँडम इफेक्ट धरून केलेल्या मिक्स्ड लॉजिस्टिक मॉडेलमध्ये ऑड्स रेशो १.५२ आला, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०५ ते २.१९, पी ०.०२६, म्हणजे निष्कर्ष सार्थक आहे."

घरी वाचून दाखवलं तर ऐकणाऱ्याला काहीच कळलं नाही. शिवाय संहिता १६४० शब्दांची आहे आणि वाचायला साडेचौदा मिनिटं लागतात. काय कापू, आणि हे वाक्य कसं बोलू?

कागदीहोडी

स्लाइडवर सहापेक्षा जास्त ओळी ठेवू नका आणि अक्षर मोठं घ्या. आलेख असेल तर रंग दोनच.

तिसरा_बाक

धन्यवाद, पण स्लाइड तयार आहेत. अडचण तोंडाने काय बोलायचं याची आहे.

शून्य_दोन

सोपं आहे. १.५२ म्हणजे दीडपट. "आठवून लिहिणाऱ्यांची उत्तीर्ण होण्याची शक्यता दीडपट होते" एवढं म्हणा. दशांश कुणाच्या लक्षात राहत नाहीत, दीडपट राहतं.

जुनी_वही

दशांश नकोत हे बरोबर, पण "शक्यता दीडपट" हे चूक आहे. तुमचेच आकडे घ्या. एका गटात १०० पैकी ५० उत्तीर्ण, दुसऱ्यात ६०. साठ हे पन्नासाच्या १.२ पट झाले. दीडपट कुठून आलं? ऑड्समध्ये उत्तीर्णांना अनुत्तीर्णांनी भागतात. पहिल्या गटात ५० ला ५०, म्हणजे १. दुसऱ्यात ६० ला ४०, म्हणजे १.५. मॉडेलमधून १.५२ आलं, कारण ते वर्गावर्गांतला फरक बाजूला ठेवून एकसारख्या वर्गांची तुलना करतं. "शक्यता दीडपट" ऐकलं की श्रोता मनात ५० चे ७५ करतो. तुमचा परिणाम दहा मुलांचा आहे, त्याच्या डोक्यात पंचवीस जातात. उत्तीर्ण होणारे फार थोडे असते, शंभरात दोन-तीन, तर ऑड्स आणि शक्यता जवळजवळ सारखेच आले असते. इथे निम्मी मुलं उत्तीर्ण होतात, म्हणून ती सूट नाही.

त्यामुळे तोंडाने फक्त मुलं मोजा: "शंभरांपैकी पन्नासऐवजी साठ उत्तीर्ण झाले." ऑड्स रेशो स्लाइडच्या कोपऱ्यात असू द्या. ज्याला हवा तो वाचेल.

कॉन्फिडन्स इंटरव्हलही त्याच मापात आणा. टक्केवारीतल्या फरकाचा इंटरव्हल काढलात का?

तिसरा_बाक

हो, मुलं वर्गावर्गांच्या गटांत आहेत हे धरून १० चा इंटरव्हल साधारण १ ते १९ येतो. ते न धरता ४ ते १६ येत होता.

जुनी_वही

मग तुमच्या पद्धतीतली सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. मॉडेलचं नाव गाळा, कारण सांगा. "एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, त्यामुळे ती एकमेकांसारखी होतात. आमच्याकडे मुलं १२०० असली तरी माहिती साधारण ४९० सुट्या मुलांइतकीच आहे." इंट्राक्लास कोरिलेशन, म्हणजे एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी किती याचं माप, ०.०५ असेल तर तीस-तीसच्या वर्गांत हिशोब एवढाच येतो: १ + २९ × ०.०५ = २.४५, आणि १२०० भागिले २.४५. तुमचा आकडा तोच आहे ना, तेवढं तपासा. हे इतिहासवाल्याला पटेल आणि संख्याशास्त्रवाल्याला तुम्ही चूक केली नाही हेही कळेल.

पानगळ

मी त्या इतिहासवाल्यांपैकीच. अशा सत्रांत बसते म्हणून सांगते. गेल्या वर्षी एका वक्त्याने "मिक्स्ड मॉडेल" म्हटलं आणि मी मुलाखतींची वाट पाहत बसले. आमच्याकडे "मिक्स्ड मेथड्स" म्हणजे आकडे आणि मुलाखती दोन्ही. प्रश्नोत्तरांत मी विचारलंही, मुलाखती किती घेतल्या? सगळे गप्प.

"सार्थक" शब्दाचंही तेच. मला ते "महत्त्वाचं" असं ऐकू येतं. मला जाणून घ्यायचं असतं ते हे की दहा मुलं जास्त उत्तीर्ण होणं हे पाच मिनिटांच्या मानाने खूप आहे की थोडं. ते कुणी सांगतच नाही.

शून्य_दोन

दीडपटीचं मान्य, माझी चूक. पण पी-व्हॅल्यू पूर्ण गाळू नका. परीक्षक तेच विचारतात.

जुनी_वही

विचारल्यावर सांगता येईल. इंटरव्हलचं खालचं टोक शून्याच्या वर आहे, यात ते आलंच.

तिसरा_बाक

नवा मसुदा. पद्धतीला अडीच मिनिटं, मुख्य निष्कर्षाला तीन:

"चिठ्ठी मुलांची नाही, वर्गांची टाकली, कारण एकाच खोलीत निम्म्यांनी वाचायचं आणि निम्म्यांनी लिहायचं हे जमत नाही. त्याची किंमत मोजावी लागते: एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून १२०० मुलांकडून साधारण ४९० मुलांएवढीच माहिती मिळते. पुन्हा वाचणाऱ्या शंभरांपैकी पन्नास उत्तीर्ण झाले, आठवून लिहिणाऱ्यांपैकी साठ. हा दहाचा फरक नेमका दहाच आहे असा आमचा दावा नाही. आमच्या माहितीशी एकापासून एकोणीसपर्यंतचा कुठलाही फरक जुळतो. एक असेल तर पाच मिनिटं द्यावीत का, हा प्रश्न उरतो. एकोणीस असेल तर उरत नाही."

इंट्राक्लास कोरिलेशन तपासलं, ०.०५ च आहे. उपगटांचे तीन निष्कर्ष काढून टाकले, संहिता १०८० शब्दांवर आली. तरी वाचायला दहा मिनिटं वीस सेकंद लागली. हिशोबाने साडेनऊ लागायला हवी होती.

जुनी_वही

आकडे मोजा. "२.१९" हा कागदावर एक शब्द, तोंडात "दोन पॉइंट एकोणीस" असे तीन. संहितेत सगळे आकडे उच्चारतो तसे अक्षरांत लिहा आणि मग शब्द मोजा. हजाराच्या खाली आणा, आकड्यांनंतर थांबायलाही वेळ लागतो.

मसुद्यातला शेवटचा भाग चांगला आहे, पानगळ यांच्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळतं.

पानगळ

हे मला कळलं. "माहितीशी जुळतो" हे दोनदा वाचावं लागलं, पण कळलं.

तिसरा_बाक

एक अडकलंय. सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तिथे फरक ३ आला, इंटरव्हल उणे ६ ते १२. "परिणाम टिकत नाही" असं म्हणू का?

शून्य_दोन

हो, शून्य आत आहे ना. फरक नाही.

जुनी_वही

नाही. त्यात १२ सुद्धा आहे, म्हणजे पहिल्या दहाचा फरक जसाच्या तसा टिकला असणंही शक्य आहे. "टिकतो की नाही हे आमच्या माहितीवरून ठरत नाही" एवढंच म्हणता येईल. मी हे मुख्य भाषणात एका वाक्यात ठेवेन.

पानगळ

आणि मी ते गाळलेलं पाहिलं तर रागावेन. पण दहा मिनिटांत "ठरत नाही" हे शेवटचं वाक्य ऐकून लोक तेवढंच घेऊन घरी जातात, हेही पाहिलंय. मधे कुठेतरी ठेवा.

तिसरा_बाक

मधे ठेवलं तर मुख्य निष्कर्षाचा धागा तुटतो. दोन्ही क्रमांनी वाचून बघते आणि इथे कळवते.