८ टीम, दीड मैदान, फक्त शनिवार-रविवार: साखळीचं वेळापत्रक कसं बसवायचं?

फाइनलेग: पुण्यात डिसेंबर-जानेवारीत २० ओव्हरची लेदर बॉल साखळी आहे. ८ टीम, प्रत्येकीची प्रत्येकीशी एक मॅच, म्हणजे २८. मोठं मैदान दोन्ही दिवस मिळतंय, छोटं फक्त रविवारी. पाच आठवड्यांत बसेल का?

यॉर्कर_७६: चार-चारचे दोन गट करा. १२ मॅचमध्ये साखळी संपते.

फाइनलेग: तसं नको. सात मॅच देणार म्हणूनच एन्ट्री फी घेतली आहे.

मिडऑन: मग एका मैदानावर दिवसाला तीन मॅच लावा: आठ, साडेअकरा, तीन. चार आठवड्यांत मोकळे.

खडूची_रेघ: कागदावर बसतं. पण एका डावाला ८५ मिनिटं धरली आणि मध्ये १५, तर मॅच तीन तासांवर जाते, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी दव पडलं की पहिली मॅच अर्धा तास उशिरा सुरू होते. तो उशीर सरकत तिसऱ्या मॅचवर येतो आणि शेवटच्या ओव्हर अंधारात खेळाव्या लागतात. साडेआठ आणि पाऊण, अशा दोनच ठेवा. दुपारच्या दोन टीमनी सकाळी अंपायर आणि स्कोअरर द्यायचे, सकाळच्यांनी दुपारी.

दोन मैदानं मिळून रविवारी चार मॅच होतात, म्हणजे आठही टीम खेळतात, एक फेरी पूर्ण. एकूण फेऱ्या सात. पाच रविवारी पाच फेऱ्या, उरलेल्या दोन अर्ध्या-अर्ध्या करून पहिल्या चार शनिवारी. प्रत्येक टीमला पाच रविवार आणि दोन शनिवार येतात. पाचवा शनिवार राखीव ठेवा.

जोड्या काढताना १ नंबर जागेवर ठेवून बाकीचे सात एकेक घर फिरवा. पहिली फेरी १-८, २-७, ३-६, ४-५. दुसरी १-७, ८-६, २-५, ३-४. चूक पुढे होते: प्रत्येक फेरीतल्या वरच्या दोन जोड्यांना मोठं मैदान दिलंत, तर १ नंबर रविवारी कायम तिथेच खेळतो. म्हणून प्रत्येक टीमसमोर छोट्या मैदानाच्या रेघा मारत जा, दोन किंवा तीनच यायला हव्यात.

गल्लीपॉइंट: आमच्यात तिघांना एकाआड एक शनिवारी कंपनी असते. अशा टीमचं काय?

खडूची_रेघ: नंबरांच्या चिठ्ठ्या काढण्याआधीच सुट्टीचे शनिवार लिहून घ्या. एक फेरी लागोपाठच्या दोन शनिवारी विभागलेली असते, त्यामुळे अशा टीमला सुट्टीच्या शनिवारी घालता येतं. मात्र समोरच्या टीमलाही तोच शनिवार जमायला हवा. सगळ्याच शनिवारी कामावर असणाऱ्यांना हा आराखडा चालणार नाही.

मिडऑन: तीन मॅचचं पटलं. पण एखाद्या रविवारी मोठं मैदान लग्नाला गेलं, तर दोन मॅच राखीव शनिवारी जातील. दुसऱ्यांदा तसंच झालं तर?

खडूची_रेघ: तर जागा नाही. मी गुण वाटून देईन.

यॉर्कर_७६: नको, सेमीच्या जागेसाठी ते अन्यायाचं होतं. सेमी आठवडाभर पुढे ढकला.

फाइनलेग: सहाव्या आठवड्याला मैदान मिळतं का ते विचारतो. नाहीतर गुण वाटण्याचा नियम चिठ्ठ्यांच्या दिवशीच सगळ्या कॅप्टनकडून सही करून घेतो.