मदत हवी आहे: वाड्याचं रूप दिलं की दार जागचं हलतं

नमस्कार मंडळी. एकाच घराची तीन रूपं क्लायंटला दाखवायची आहेत: मिनिमलिस्ट, चौकाचा वाडा आणि इंडस्ट्रियल. प्लॅन पक्का आहे, मधोमध १० बाय १० फुटांचा उघडा चौक. ब्लेंडरमध्ये साधं मॉडेल करून, कॅमेरा लॉक करून डेप्थ मॅप काढला आणि स्टेबल डिफ्युजनमध्ये कंट्रोलनेटला दिला. सीड तिन्हींना एकच.

मिनिमलिस्ट आणि इंडस्ट्रियल छान येतात, कारण तिथे फक्त पृष्ठभाग बदलतो: पांढरा गिलावा किंवा उघडी वीट. वाड्यात मात्र चौकाभोवती मॉडेलमध्ये नसलेले लाकडी खांब उगवतात. मूळ रेखाचित्र वर ठेवून पाहिलं, तर स्वयंपाकघराचं दार खांबाच्या रुंदीएवढं डावीकडे सरकलेलं दिसतं. हे कंट्रोलनेटचं वेट ०.६ असताना. वेट १ केलं की दार जागेवर राहतं, पण खांब भिंतीवर रंगवल्यासारखे सपाट दिसतात आणि उतरती कौलं येतच नाहीत.

मला वाटतं, खांब आणि उतरतं छप्पर हे आकार आहेत, नुसत्या प्रॉम्प्टने ते नीट येणार नाहीत. मग ते मॉडेलमध्येच घालून वाड्यासाठी वेगळा डेप्थ मॅप काढावा का? की मॅप तोच ठेवून `Ending Control Step` ०.७ च्या आसपास आणावा? दारं-खिडक्या न हलवता कुणाला हे जमलं असेल, तर कृपया सेटिंगसकट सांगा.